फोटोतल्या निऱ्यांचा हिशेब

समजा, गणेशोत्सवात तुमच्या सोसायटीचं नाटक आहे. तिथल्या सायलीची आत्या त्यात पेशव्यांच्या काळातल्या एका बाईचं काम करतेय. पोस्टर छापायचंय आणि आत्याचा एक झकास फोटो हाताशी आहे. अडचण एवढीच, की फोटोत ती पाचवारी साडी नेसलीये आणि नाटकातली बाई नेसणार नऊवारी. सायलीचा दादा म्हणतो, "त्यात काय! कॉम्प्युटरवर बदलून टाकतो. पाच मिनिटांचं काम!"

दादा कामाला लागतो. मागची भिंत काढून तिथे वाडा बसवतो. जमलं! ब्लाउजचा रंग निळ्याचा हिरवा करतो. तेही जमलं! मग साडीला हात घालतो आणि तिथेच अडकतो. पाच मिनिटांचा तास होतो, तासाचे दोन होतात. शेवटी जे तयार होतं ते बघून आजी म्हणते, "ही कुठली नेसण्याची तऱ्हा? ही साडी उभी कशी राहिलीये अंगावर?"

आजीने साडी नेमकी कुठे पकडली? आणि भिंत बदलणाऱ्या, रंग बदलणाऱ्या दादाला निऱ्यांनी का दमवलं? चला, शोधून काढू.

फोटोत साडी असते किती?

टी-शर्टला दोन बाह्या असतात, एक गळा असतो. तो शिवलेला आहे, म्हणून दोरीवर वाळत घातला तरी त्याचा आकार टी-शर्टचाच राहतो. फोटोतला लाल टी-शर्ट काढून निळा चढवायचा असेल, तर खांद्यावर खांदा आणि गळ्यावर गळा जुळवला की बरंचसं काम होतं.

साडीला ना बाही, ना गळा. ती एक लांबच लांब आयताकृती पट्टी. नाव पाचवारी असलं तरी आज दुकानात मिळणारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आतबाहेर रुंद असते. तिला आकार येतो तो नेसल्यावर, म्हणजे गुंडाळून, चुण्या घालून आणि खोचून. त्यामुळे साडीचं नेसणं बदलायचं म्हणजे आधी ती सगळी पट्टी मनातल्या मनात उलगडायची आणि मग पुन्हा नव्या तऱ्हेने नेसवायची.

आता आत्याच्या साडीचा हिशेब मांडू. एकूण कापड 550 सेंटिमीटर. पहिला फेरा कमरेभोवती जातो, त्यात साधारण 100 सेंटिमीटर जातात. मग निऱ्या. एक निरी 12-13 सेंटिमीटर रुंद धरली, तर कापड एकदा पुढे जातं आणि एकदा मागे येतं, म्हणजे एका निरीत 25 सेंटिमीटर कापड मुरतं. अशा सात निऱ्यांत 175 सेंटिमीटर गेले. मग उरलेलं कापड पुन्हा पाठीमागून फिरून पुढे येतं, त्याचे 100. राहिलेले 175 सेंटिमीटर छातीवरून खांद्यावर जातात आणि पाठीवर पदर म्हणून सुटतात. 100, 175, 100 आणि 175. झाले 550. (उंची आणि बांधा पाहून हे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण बेरीज चुकवून चालणार नाही.)

यातलं कॅमेऱ्याला काय दिसलं? पहिला फेरा दुसऱ्या फेऱ्याखाली दडला. दुसऱ्या फेऱ्याचा मागचा भाग दिसला नाही. पदराचा पाठीवरचा भागही नाही. आणि निऱ्या? कमरेपाशी सगळ्यांत वरच्या निरीची सबंध रुंदी दिसते, 13 सेंटिमीटर. बाकीच्या सहा निऱ्यांची फक्त कड डोकावते, प्रत्येकी दीडेक सेंटिमीटर, म्हणजे मिळून 9. एकूण 22 सेंटिमीटर. 175 पैकी 22! जेमतेम आठवा हिस्सा.

निऱ्यांचा गठ्ठा म्हणजे कडेने पाहिलेलं पुस्तक. पानांच्या कडा मोजता येतात, पण आतलं एक अक्षर वाचता येत नाही. सगळी बेरीज केली, तर समोरून काढलेल्या फोटोत आत्याच्या साडीचा पाव भागही धड दिसत नाही. दादाला मात्र नव्या नेसणीसाठी सगळी साडी हवी आहे. उरलेली पाऊण त्याने कल्पनेने विणायची!

त्यात आणखी एक गंमत. नऊवारी म्हणजे नऊ वार. एक वार 91.44 सेंटिमीटरचा, म्हणजे नऊ वार झाले 823 सेंटिमीटर. आत्याच्या अंगावर आहेत 550. म्हणजे दिसत नाही ते सोडाच, जे अस्तित्वातच नाही असं पावणेतीन मीटर कापडही दादाला आणायचंय.

बुट्टे कुठे गेले?

ठीक आहे, आणलं कापड. दादा म्हणतो, साडीवर बुट्टे आहेत, तेच पुन्हापुन्हा चिकटवत जाऊ. इथेच पहिली चोरी पकडली जाते. कशी, ते स्वतः करून पाहा.

*करून पाहा:* एक कोरा ए-फोर कागद आडवा धरा. डाव्या कडेपासून दर 2 सेंटिमीटरवर एक, असे वाटाण्याएवढे ठिपके एका सरळ ओळीत काढा. हे तुमचे बुट्टे. कागदाच्या खालच्या लांब कडेने एक जाड रेघ ओढा. हा काठ. आता डावीकडून दर अडीच सेंटिमीटरवर घडी घाला, एकदा पुढे, एकदा मागे, जसा कागदी पंखा करतो तसा. पहिली घडी ठिपके आत जातील अशी घाला. पंखा मिटून घट्ट दाबा आणि ठिपक्यांच्या बाजूने घड्यांच्या कडांकडे पाहा.

काय दिसलं? एका कडेवर ठिपका नाही, पुढच्या कडेवर आहे, त्याच्या पुढच्या कडेवर पुन्हा नाही! कारण सोपं आहे. तुमच्याकडे तोंड करणाऱ्या कडा दर 5 सेंटिमीटरवर येतात: 5, 10, 15, 20, 25. ठिपके आहेत 2, 4, 6, 8, 10 असे. दहावर आणि विसावर ठिपका बरोबर कडेवर सापडतो. पाचावर, पंधरावर आणि पंचविसावर मात्र कड दोन ठिपक्यांच्या मधल्या कोऱ्या जागेत पडते.

आत्याच्या साडीचंही हेच. तिच्या साडीवर दर 10 सेंटिमीटरला एक बुट्टा आहे आणि एक निरी 25 सेंटिमीटर कापड घेते. तेव्हा एका कडेवर बुट्टा, पुढची कड कोरी, मग पुन्हा बुट्टा. तेही अगदी काटेकोर नाही. हाताने घातलेली एखादी निरी 24 ची होते, एखादी 26 ची. मग बुट्टा कडेवर येतो तो थोडा सरकून. कधी अर्धाच दिसतो, कधी फक्त त्याची एक पाकळी.

दादाने केलं होतं उलट. त्याने प्रत्येक कडेवर एकेक अख्खा, गोंडस, छोटा बुट्टा बसवला होता. दीड सेंटिमीटरच्या पट्टीत मावावा म्हणून लहान केलेला! खऱ्या कापडावरचा बुट्टा घडीत गेला तर कापला जातो, आक्रसत नाही. आजीला हे गणित मांडता आलं नसतं कदाचित, पण आयुष्यभर साड्या नेसलेल्या डोळ्यांना ते लगेच खटकलं.

काठाचा नियम याच्या बरोब्बर उलटा आहे. तुमच्या कागदी पंख्याची खालची रेघ पाहा. ती कुठेही तुटलेली नाही, फक्त नागमोडी झाली आहे. निऱ्यांच्या घड्या उभ्या असतात आणि काठ आडवा धावतो, म्हणून तो प्रत्येक निरीबरोबर पुढे येतो, मागे जातो, पण जोडलेलाच राहतो. पायाशी निऱ्या जरा फाकतात, तिथे काठाच्या छोट्या छोट्या पायऱ्या दिसतात. म्हणजे एकाच घडीत बुट्टे तुटायला हवेत आणि काठ सलग राहायला हवा. दोन्ही एकाच वेळी सांभाळायचं तर प्रत्येक घडी कुठून निघाली आणि कुठे गेली, हे ठाऊकच असावं लागतं.

चुणी पडते तरी का?

दादाची दुसरी युक्ती अशी, की फोटोतल्याच खऱ्या निऱ्या कापून नव्या जागी चिकटवायच्या. खऱ्या आहेत, मग खोट्या कशा दिसतील? दिसतात! कारण चुणी आपली मनाला येईल तिथे पडत नसते.

साडीचं कापड वाकतं अगदी सहज, पण ताणलं जात नाही. काठ दोन्ही हातांत धरून ओढून पाहा, ते जवळपास तेवढंच राहतं. असं वाकणारं पण न ताणणारं काहीही गोलसर अंगावर बसवायला गेलं, की ते सपाट बसत नाही, कुठेतरी दुमडतंच. चेंडूला कागद गुंडाळून बघा, चुण्या टाळताच येणार नाहीत. जर्मन गणिती कार्ल फ्रिडरिश गाउस यांनी 1827 साली यामागचं गणित मांडलं होतं: सपाट पृष्ठभाग न ताणता, न फाडता चेंडूसारखा गोल करताच येत नाही. कंबर, खांदा, गुडघा, हे सगळे गोलसर. म्हणून जास्तीचं कापड चुणीत जातं.

ती चुणी कुठल्या दिशेला जाणार हे ठरवतो ताण. कापड जिथे धरलेलं, खोचलेलं किंवा पिन लावलेलं असतं, तिथून चुण्या निघतात. पाचवारीत निऱ्या पुढे कमरेत खोचलेल्या असतात आणि खाली मोकळ्या सोडलेल्या. कापडाचं वजन त्यांना सरळ खाली ओढतं, म्हणून त्या उभ्या पडतात.

नऊवारीत गोष्टच बदलते. नेसण्याच्या तऱ्हा भागाभागांत वेगळ्या आहेत, पण साधारणपणे कमरेला गाठ मारून पुढे निऱ्या खोचतात आणि मग त्यांचा खालचा भाग पायांमधून मागे नेऊन पाठीशी खोचतात. तोच कासोटा. आता कापड खाली मोकळं राहिलं नाही. ते पुढे एकदा धरलेलं आहे आणि मागे एकदा. त्यामुळे मांडीवरून, पोटरीवरून तिरक्या चुण्या निघतात आणि मागच्या बाजूला ओढल्यासारख्या जातात. दोन्ही पायांभोवती कापड वेगवेगळं बसतं आणि घोटे उघडे पडतात.

दादाने पाचवारीच्या उभ्या निऱ्या उचलून या पायांवर चिकटवल्या, तेव्हा आजीला दिसलं ते असं: कापड मागे ओढलंय, पण चुण्या मात्र खाली लोंबताहेत. जणू कासोटा कुणी खोचलाच नाही. "उभी कशी राहिलीये?" हा आजीचा प्रश्न म्हणजे खरं तर, "ताण कुठे आहे?" असा प्रश्न होता. आणि हो, आत्याचे पाय पाचवारीच्या घोळाखाली झाकलेले होते. नऊवारीसाठी घोटेही नव्यानेच काढावे लागले, ते वेगळंच.

उजेडाची कटकट

चुण्या योग्य दिशेने काढल्या तरी रंग भरायचा राहतोच. फोटो काढताना खिडकी डावीकडे असेल, तर प्रत्येक चुणीची डावी बाजू उजळ आणि उजवी अंधारी हवी. एका ठिकाणची निरी कापून उलटी करून दुसरीकडे लावली, की तिच्यावरचा उजेड चुकीच्या बाजूने येतो.

बरं, चुणीच्या आतली बाजू म्हणजे नुसता काळा रंग मिसळलेली साडी नव्हे. लाल रेशमाच्या दोन घड्या समोरासमोर आल्या की एकीचा लाल उजेड दुसरीवर पडतो आणि खोलगट भाग आणखी गडद, आणखी लाल दिसतो. धूपछांव रेशमात तर उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या. अशी साडी जराशी वळली की रंगच पालटतो. घडीच्या एका अंगाला जांभळी झाक असते, तर दुसऱ्या अंगाला हिरवी. अशी पैठणी असेल तर दादाने सरळ हात जोडावेत.

मग कॉम्प्युटरने कापडच विणलं तर?

सिनेमातल्या ॲनिमेशनमध्ये झगे, शाली छान हलतात की! तिथे फोटो कापत बसत नाहीत, तर कॉम्प्युटरमध्ये कापड तयार करतात. कापड म्हणजे ठिपक्यांचं जाळं. प्रत्येक ठिपका शेजारच्यांशी स्प्रिंगने जोडलेला. वजनाने प्रत्येक ठिपका किती खाली येईल, शेजारी त्याला किती ओढतील, अंगाला कुठे टेकेल, हे क्षणाक्षणाला मोजायचं.

आत्याच्या साडीवर दर सेंटिमीटरला एक ठिपका ठेवू. लांबीत 550, रुंदीत समजा 115. गुणाकार करा: 63,250 ठिपके. हे काही फार नाहीत. खरी मेख पुढे आहे. कापडाने कापडातून आरपार जाता कामा नये. निऱ्यांमध्ये तर एकावर एक कितीतरी थर. कुठला ठिपका कुठल्या ठिपक्याला टेकतोय हे पाहायला प्रत्येक जोडी तपासायची म्हटलं, तर जोड्या होतात सुमारे 200 कोटी, आणि त्याही प्रत्येक क्षणाला नव्याने! म्हणून कॉम्प्युटर जागेचे छोटे छोटे चौकोनी कप्पे पाडतो आणि जवळच्या कप्प्यांतलेच ठिपके एकमेकांशी ताडून बघतो.

कापड ताणलं जात नाही, याचाही इथे त्रास होतो. न ताणणारं म्हणजे स्प्रिंगा फार कडक. कडक स्प्रिंगांचा हिशेब फार बारीक क्षणांनी करावा लागतो. जरा मोठी उडी मारली की ठिपके भलतीकडे भिरकावले जातात आणि पडद्यावरचं कापड चक्क फुटतं. 1998 मध्ये डेव्हिड बराफ आणि अँड्र्यू विटकिन या दोन शास्त्रज्ञांनी मोठ्या उड्या मारूनही कापड न फुटू देण्याची रीत दाखवली. तेव्हापासून हे काम बरंच आटोक्यात आलं.

पण साडीसाठी एवढंही पुरत नाही. झगा शिवलेला असतो, तो अंगावर ठेवून सोडला की झालं. साडी कुणीतरी नेसवावी लागते. कॉम्प्युटरला बोटं नाहीत. त्याला सांगावं लागतं: इथे धर, इतकं मोज, मागे दुमड, पुढे दुमड, सातही एकत्र धर, खोच, आता सोड. यातली एक पायरी चुकली तर खोचलेल्या निऱ्या सुटून खाली येतात, अगदी खऱ्या साडीसारख्याच!

हल्ली लाखो चित्रं पाहून शिकलेले प्रोग्रॅम आले आहेत. त्यांना "नऊवारी नेसवा" असं सांगितलं की ते क्षणात चित्र काढतात आणि ते लांबून सुरेखही दिसतं. पण त्यांच्यातले बरेच कापड मोजत नाहीत. शेजारच्या भागांना शोभेल असा प्रत्येक भाग ते रंगवतात. प्रत्येक तुकडा साडीसारखा दिसतो, पण सगळे तुकडे मिळून एक साडी होईलच असं नाही. दोन निऱ्या मध्येच एकमेकींत विरघळतात, काठ निघतो आणि कुठेच पोचत नाही.

म्हणूनच दादाला सगळ्यांत चांगला सल्ला आजीनेच दिला. तिची नऊवारी आत्याला नेसवली, त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात उभं केलं आणि नवा फोटो काढला. नेसवायला आणि फोटोला मिळून अर्धा तास लागला. मग दादाने मागे वाडा बसवला, तो पाच मिनिटांत.

आता तुम्ही गुप्तहेर

जाहिरातीतला, पत्रिकेवरचा किंवा मोबाइलवर आलेला साडीतला एखादा फोटो घ्या आणि तीन गोष्टी तपासा. पहिली, निऱ्या कमरेपाशी मोजा आणि पायाशी मोजा. वर सात आणि खाली नऊ असतील तर जास्तीच्या दोन आल्या कुठून? एखादी निरी वर किंवा खाली दडल्यामुळे एकाचा फरक पडू शकतो, पण त्याहून जास्त असेल तर संशय घ्या. दुसरी, निऱ्यांच्या कडांवरचे बुट्टे पाहा. ते कापलेले असले तर ठीक. प्रत्येक कडेवर अख्खा आणि छोटा बुट्टा असेल तर संशय घ्या. तिसरी, काठावर बोट ठेवून निघा. तो घडीआड दडला तर चालेल, पण जिथे दडला तिथूनच पुन्हा बाहेर यायला हवा.

तिन्ही परीक्षांत फोटो पास झाला, तर साडी बहुतेक कुणीतरी खरोखर नेसली आहे. एकात जरी नापास झाला, तरी ती साडी खरंच कुठल्या मागावर विणली आहे का, असा संशय खुशाल घ्या.